जजमेंटमध्ये किती हात बोलायचे? एक डाव शेवटपर्यंत उघडून

प्रश्न : मेंढीकोट आणि सात-आठ लहानपणापासून खेळतो. या सुट्टीत घरी जजमेंट सुरू झालंय. नियम कळतात, पण किती हात बोलायचे तेच कळत नाही. एक्के-राजे मोजून बोललो तरी बुडतो. एखादा साधा डाव घेऊन बोली आणि खेळणं दोन्ही समजावून सांगाल का?

तुमची अडचण मेंढीकोटातूनच आलेली आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. मेंढीकोटात दश्शा ओढायच्या असतात, सात-आठमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त हात झाले की फायदाच होतो. दोन्हीकडे जमेल तो हात घ्यायचा, आणि तोही शक्य तितक्या लहान पानाने, ही सवय बोटांत बसते. जजमेंटमध्ये मात्र तुम्ही २ बोललात आणि ३ झाले तर तुम्ही बुडालात. १ झाला असता तर जसे बुडला असता तसेच, शून्य गुण. त्यामुळे या खेळाचा निम्मा भाग हात घेण्याचा आणि निम्मा हात टाळण्याचा आहे. नवीन माणूस पहिला निम्मा भाग आधीच जाणत असतो; दुसरा त्याला कोणी शिकवलेला नसतो.

आम्ही नागपुरात ज्या नियमांनी खेळतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा डाव समजेल. सुरुवात सात-सात पानांनी, मग सहा, पाच, असं एकेक पान कमी करत. हुकूम पाळीने बदलतो: इस्पिक, चौकट, किलवर, बदाम. (काळी, चौकट, फूल, लाल यांची पहिली अक्षरं जोडून याच खेळाला काही जण कचुफूल म्हणतात.) पानं बघून प्रत्येकाने आपले किती हात होतील ते बोलायचं, वाटणाऱ्याच्या शेजाऱ्यापासून सुरू करून वाटणाऱ्यावर संपवायचं. उतारीच्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यायचं. नसेल तर हुकूम मारा किंवा कोणतंही पान टाका, सक्ती नाही. बोललात तेवढेच हात झाले तर १० अधिक बोललेले हात, इतके गुण. शून्य बोलून शून्यच केले तरी १०. आणि एक अट महत्त्वाची: सगळ्यांच्या बोलीची बेरीज वाटलेल्या पानांइतकी होता कामा नये. ती होऊ न देण्याची जबाबदारी शेवटी बोलणाऱ्यावर, म्हणजे वाटणाऱ्यावर असते.

इथे आमच्याकडचा एक गोंधळ सांगून ठेवतो. नागपुरात शेजारपाजारचे हिंदी बोलणारे भिडू बसतातच, आणि हिंदीत इस्पिकलाच ‘हुकुम’ म्हणतात. आपण ‘हुकूम किलवर’ म्हटलं की समोरचा इस्पिक धरून बसतो आणि तिसऱ्या हाताला भांडण होतं. म्हणून हुकमाचा रंग कागदावर लिहून मध्ये ठेवा.

आता डाव. हा गेल्या आठवड्यात ताईकडे झालेला आहे. भर दुपार, कूलरसमोर सतरंजी, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या झालेल्या हातांवर एकेक वाटी. पाच पानांचा डाव, हुकूम किलवर. वाटणारा मी. माझ्या शेजारी ताई, मग तिचा मुलगा म्हणजे माझा भाचा, मग भाऊजी, आणि शेवटी मी. भाचा तुमच्यासारखाच नवीन. डाव संपल्यावर आम्ही सगळी पानं पुन्हा उघडी मांडली, म्हणून चौघांचेही हात सांगू शकतो.

ताई : इस्पिकचा राजा आणि नव्वी, बदामचा गुलाम आणि दुर्री, चौकटची पंजी.
भाचा : बदामचा एक्का आणि छक्की, चौकटचा राजा, इस्पिकची तिर्री, किलवरची सत्ती.
भाऊजी : किलवरची राणी आणि तिर्री, चौकटची नव्वी आणि अठ्ठी, इस्पिकची दश्शी.
मी : किलवरची दश्शी, बदामची दश्शी आणि अठ्ठी, इस्पिकची पंजी, चौकटची दुर्री.

बोली ताईपासून. तिच्याकडे हुकूम एकही नाही, पण उतारी तिची आहे आणि इस्पिकचा राजा आहे. ती १ बोलली.

भाच्याच्या हातावर थांबू या, कारण तुमचा प्रश्न याच हाताचा आहे. तो आधी ३ बोलणार होता: एक्का एक, राजा एक, हुकूम एक. आता एकेक पान तपासू.

चौकटचा राजा. राजाला एकच पान मारतं (हुकूम सोडून), ते म्हणजे एक्का. पण पाच पानांच्या डावात चौघांना मिळून २० पानं वाटली जातात आणि ३२ पानं गड्डीत झोपलेली असतात. भाच्याला न दिसणारी पानं ४७, त्यातली आम्हा तिघांच्या हातात १५. म्हणजे चौकटचा एक्का खेळात असण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणून लहान डावात राजा दिसतो त्याहून बळकट असतो. उलट तेरा-तेरा पानं वाटलीत तर एक्का कोणाकडे तरी असणारच, आणि तिथे राजाचा असा हिशेब चालत नाही. पानं वाढत जातील तसा राजा उतरत जातो.

बदामचा एक्का. त्याच्यावर कोणी मोठं पान टाकू शकत नाही, तरी तो पक्का हात नाही. पाचच पानं हातात असली की एखादा रंग मुळीच नसणं फार सामान्य आहे. भाच्याकडे बदामची दोन पानं आहेत, म्हणजे बाकीच्यांसाठी अकराच उरतात. अशा वेळी कोणत्याही एका भिडूकडे बदाम नसण्याची शक्यता चारात एक, आणि तिघांपैकी निदान एकाकडे नसण्याची निम्म्याहूनही जास्त. त्याच्याकडे हुकूमही असला तर एक्का कापला जातो. तेव्हा एक्का हा पाऊण हात समजा, पूर्ण नाही.

किलवरची सत्ती. लहान हुकूम आहे. हुकमाचीच उतारी झाली तर ती मरते. ती कामाची कधी होते? जेव्हा एखादा रंग तुमच्याकडचा लवकर संपतो. आणि इथेच भाच्याच्या हाताचं खरं बळ आहे: चौकट एकच, इस्पिक एकच. ती दोन पानं गेली की पुढची चौकट किंवा इस्पिक तो सत्तीने कापू शकतो. लहान हुकमाची किंमत त्या हुकमात नसते, शेजारच्या रंगांच्या तुटवड्यात असते. हीच सत्ती ताईकडे असती तर तिला असं पटकन कापता आलं नसतं, कारण इस्पिक आणि बदाम दोन्हींची दोन-दोन पानं तिच्याकडे आहेत.

म्हणजे राजा अर्ध्याहून थोडा जास्त, एक्का पाऊण, सत्ती अर्धी. बेरीज दोनच्या आसपास. तीन व्हायला तिन्ही पानं चालायला हवीत, तर दोन व्हायला एखादं फसलं तरी चालतं. माझा नियम असा की ज्या बोलीत एक पान फसण्याची सोय आहे ती बोला. भाचा थोडा थांबला आणि २ बोलला.

भाऊजींकडे हुकमाची राणी आणि तिर्री, शिवाय बदाम एकही नाही. दोन हुकूम आणि एक रंग गायब, म्हणजे दीड हात म्हणा. त्यांनी जपून १ बोललं.

आतापर्यंत १, २ आणि १ मिळून ४. माझ्याकडे हुकमाची दश्शी होती, मनात १ होता, पण १ बोललो तर बेरीज ५ होते. तेव्हा शून्य किंवा दोन. दुसऱ्या हाताला माझ्याकडे आधारच नव्हता. मी शून्य बोललो, आणि ती दश्शी कोणाच्या तरी मोठ्या हुकमाखाली घालवायची असं ठरवलं.

इथे एक श्वास घ्या आणि बेरजेकडे बघा. हे नवीन माणूस कधीच करत नाही. बोली ४, हात ५. म्हणजे एक हात कोणालाच नको आहे. आमच्या घरी त्याला बेवारस हात म्हणतात. तो कोणाच्या तरी गळ्यात पडणार आणि तो माणूस बुडणार. बेरीज ६ असती तर उलट झालं असतं, एका हातासाठी दोघांची ओढाताण झाली असती आणि मोठी पानं जपावी लागली असती. बेरीज कमी असेल तेव्हा मोठी पानं ओझं होतात. पहिली उतारी व्हायच्या आधी हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं हवं.

पहिला हात. ताईने लगेच इस्पिकचा राजा उतरवला. बरोबर केलं, कारण सुरुवातीला प्रत्येकाकडे पाच पानं असतात, त्यामुळे इस्पिक असण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. भाच्याने तिर्री दिली, भाऊजींनी दश्शी, मी पंजी. हात ताईचा. तिची बोली पूर्ण झाली, आता तिला काहीच नको.

दुसरा हात. जिंकलेल्याची उतारी, म्हणून पुन्हा ताई. तिने चौकटची पंजी उतरवली, हरण्यासाठीच. भाच्याकडे चौकट एकच, त्यामुळे राजा द्यावाच लागला. भाऊजींकडे नव्वी आणि अठ्ठी होती. राजा पडलेला आहे, हात जाणारच आहे, तर मोठं पान आत्ताच फुकट घालवावं, म्हणून त्यांनी नव्वी टाकली. मी दुर्री दिली. एक्का गड्डीतच होता. हात भाच्याचा, त्याला आणखी एक हवा.

तिसरा हात. भाच्याकडे बदामचा एक्का आणि छक्की, किलवरची सत्ती. त्याने एक्का उतरवला. भाऊजींकडे बदाम नाही. त्यांच्यापुढे हुकमाची राणी, हुकमाची तिर्री आणि चौकटची अठ्ठी. त्यांना एक हात हवाच होता, म्हणून कापलं, आणि तिर्रीने कापलं. मी बदामची दश्शी दिली, ताईने बदामचा गुलाम. आम्ही दोघंही मोठी पानं मोकळी करत होतो. हात भाऊजींचा, बोली पूर्ण.

भाच्याचा चेहरा उतरला. ‘मामा, एक्का गेला जी!’ गेला खरा, पण म्हणूनच तो ३ बोलला नाही हे बरं झालं.

चौथा हात. भाऊजींकडे राणी आणि चौकटची अठ्ठी. राणी उतरवली तर ती जिंकणारच, म्हणून अठ्ठी उतरवली. माझ्याकडे चौकट संपलेली, हातात हुकमाची दश्शी आणि बदामची अठ्ठी. दश्शी टाकली तर हात माझा होतो, म्हणून बदामची अठ्ठी टाकली. ताईने इस्पिकची नव्वी टाकली. भाचा शेवटचा. चौकट त्याची दुसऱ्या हातातच संपली होती. त्याच्यामागे खेळणारा कोणी नाही, म्हणजे सत्ती टाकली की ती वरचढ होण्याची भीतीच नाही. त्याने कापलं. दोन हात पूर्ण. एक्का फसला, पण एकुलत्या चौकटीने आणि सत्तीने ती जागा भरून काढली.

पाचवा हात. भाच्याने बदामची छक्की उतरवली. भाऊजींकडे राणी एकच पान, ती पडली. मी हुकमाची दश्शी तिच्याखाली सोडली. ताईने बदामची दुर्री दिली. हात भाऊजींचा, आणि तो त्यांचा दुसरा. बोलले होते १.

ताई ११, भाचा १२, भाऊजी शून्य, मी १०. पाच हातांची बेरीज जुळते का ते कागदावर प्रत्येक वेळी बघा: १, २, २, ०. बेरीज जुळली नाही तर कोणीतरी हात चुकीच्या ढिगाऱ्यात ठेवलाय. आणि झालेले हात वेगवेगळे, आडवे-उभे ठेवा. रंग असताना कोणी दुसरं पान टाकलं असेल तर ते पुढच्या एखाद्या हातात उघडं पडतं, पण कोणता हात कोणता हे कळलं तरच ते दाखवता येतं. भाऊजींनी बदामवर तिर्री मारल्यावर ताईने हेच लक्षात ठेवलं होतं: यापुढे यांच्याकडून बदाम निघाला तर डाव थांबवायचा.

आता भाऊजींची चूक कुठे झाली? बोलीत नाही. तिसऱ्या हाताला, तिर्रीने कापताना. ‘लहान पानाने काम होतंय तर राणी कशाला घालवू?’ असं ते म्हणाले, आणि मेंढीकोटात हे अगदी बरोबर असतं. पण इथे त्यांना एकच हात हवा होता. एकच हात हवा असेल तेव्हा तो मोठ्या हुकमाने घ्यायचा आणि लहान हुकूम मागे ठेवायचा, कारण लहान हुकूम दुसऱ्याच्या हुकमाखाली दबू शकतो, राणीला दबायला जागाच उरत नाही. हात घेताना ‘हा जिंकेल का’ इतकंच विचारू नका. ‘हा गेल्यावर जी पानं उरतील ती हरू शकतील का’ हेही विचारा. या हातानंतरही आणखी एक हवा असेल तर लहान हुकमाने कापून राणी राखणं योग्य. बोली पूर्ण करणारा हात असेल तर राणी आधी.

भाच्याला हे पटेना, म्हणून आम्ही पानं गोळा करून ज्याची त्याला दिली आणि तोच डाव तिसऱ्या हातापासून पुन्हा खेळलो. नवीन माणसाबरोबर मी हे नेहमी करतो. या वेळी भाऊजींनी बदामच्या एक्क्यावर राणी मारली. मग त्यांच्याकडे तिर्री आणि चौकटची अठ्ठी उरली. त्यांनी अठ्ठी उतरवली. मी पुन्हा बदामची अठ्ठी टाकली, ताईने इस्पिकची नव्वी, भाच्याने सत्तीने कापलं. शेवटी भाच्याची बदामची छक्की आली. भाऊजींची तिर्री पडली, आणि माझ्या हातात हुकमाची दश्शीच उरलेली. ती टाकण्यावाचून इलाज नव्हता. तिर्री दबली, हात माझा झाला. बेवारस हात या वेळी माझ्या वाटीखाली गेला.

ताईने कागदावर नवीन ओळ लिहिली: ११, १२, ११, ०. मग तिनेच गड्डी पिसायला घेतली, कारण चार पानांचा डाव तिने वाटायचा होता आणि हुकूम बदाम होता.